जॉबवर्कवरील अडकलेल्या इनपुट क्रेडिटबाबत वस्तू व सेवा कर परिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात शेतीची अवजारे बनवणारा लहान कारखानदार आहे. कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि त्यांचे सुटे भाग माळव्यातल्या आणि खानदेशातल्या विक्रेत्यांना पुरवणे हा माझा धंदा आहे. हे पत्र मराठीत आणि खुले लिहिण्याचे कारण असे की, माझ्यासारखेच काम करणारे पुष्कळ मराठी भाषक कारखानदार इंदूर-देवासपासून जळगाव-अहिल्यानगरपर्यंत पसरलेले आहेत आणि पुढे मांडलेला हिशेब त्यांनी आपापल्या वह्यांशी ताडून पाहावा, अशी माझी इच्छा आहे. परिषदेवर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी बसतात, त्यामुळे हा विषय दोघांनाही परका नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या आणि कापणी-मळणीच्या यंत्रांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता आणि तो मागे घ्यावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच दिवसापासून आणखी एक दर बदलला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करून दिलेले मजुरीचे काम. ज्या जॉबवर्कसाठी वेगळा दर ठरवलेला नाही, अशा सर्व जॉबवर्कवरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. लेझर कटिंग, बेंडिंग, टर्निंग, फाळांना पाणी देणे म्हणजे ते तापवून कडक करणे, पावडर कोटिंग ही आमच्या अवजारांची सगळी बाहेरची कामे याच उरलेल्या वर्गात मोडतात. पोलाद, बेअरिंग, रंग, वेल्डिंग रॉड यांवर पूर्वीही १८ टक्के होते आणि आजही तेवढेच आहेत. म्हणजे विक्रीवरचा कर खाली आला, कच्च्या मालावरचा जागेवर राहिला आणि मजुरीच्या कामावरचा वर गेला.

खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त असेल तर खरेदीवर भरलेल्या कराचे न वापरलेले क्रेडिट परत मागण्याची सोय केंद्रीय कायद्याच्या कलम ५४(३) मध्ये आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. ती सोय मी वापरतोही. माझी तक्रार परतावा उशिरा मिळतो अशी नाही. परतावा मिळून गेल्यावर मागे जे क्रेडिट उरते, आणि जे कायद्याच्या आजच्या रचनेत कधीच परत मिळू शकत नाही, त्याबद्दल हे पत्र आहे.

कलम ५४(३) च्या परंतुकात "इनपुट" असा शब्द आहे आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे इनपुट म्हणजे भांडवली मालाव्यतिरिक्तच्या वस्तू. त्यात सेवा येत नाहीत. दुसरीकडे, कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे की दुसऱ्याच्या मालावर केलेली कोणतीही प्रक्रिया ही सेवा समजली जाईल. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की निष्कर्ष एकच निघतो. मी माझे पोलाद कापायला पाठवले तर कापणीच्या बिलावरचे १८ टक्के हे "इनपुट सेवे"चे क्रेडिट ठरते आणि परताव्याचे सूत्र सांगणाऱ्या नियम ८९(५) मधल्या "निव्वळ आयटीसी"त, म्हणजे परताव्यासाठी मोजल्या जाणाऱ्या इनपुट टॅक्स क्रेडिटमध्ये, त्याला जागा मिळत नाही. विक्रीवरच्या करात त्यातले जेवढे वळते होईल तेवढेच कामी येते, बाकीचे लेजरमध्ये पडून राहते.

हे आकड्यांतून सांगणे बरे. माझ्या आकाराच्या कारखान्याचा एक महिना घेऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत आणि सगळी विक्री ५ टक्के दराचीच धरली आहे. महिन्याची विक्री २० लाख रुपये, तिच्यावरचा कर १ लाख. पोलाद, बेअरिंग, रंग वगैरे मालाची खरेदी १२ लाख, तिच्यावरचा कर २ लाख १६ हजार. जॉबवर्कची बिले ३ लाख, त्यांवरचा कर ५४ हजार. म्हणजे एकूण क्रेडिट २ लाख ७० हजार आणि देय कर १ लाख. लेजरमध्ये १ लाख ७० हजार रुपये साचतात.

आता नियमातले सूत्र लावू. ज्या विक्रीवरच्या कराचा दर खरेदीवरच्या दरापेक्षा कमी, ती "उलट दराची विक्री". ५ जुलै २०२२ पासून लागू असलेले सूत्र साध्या शब्दांत असे आहे:

```
कमाल परतावा = (उलट दराची विक्री × निव्वळ आयटीसी ÷ समायोजित एकूण विक्री)
              − (त्या विक्रीवरील कर × निव्वळ आयटीसी ÷ इनपुट व सेवांवरील एकूण आयटीसी)
```

सगळी विक्री एकाच दराची असल्याने पहिल्या कंसात २ लाख १६ हजार येतात. दुसऱ्या कंसात १ लाख गुणिले २,१६,००० भागिले २,७०,०००, म्हणजे ८० हजार. वजाबाकी करून परतावा निघतो १ लाख ३६ हजार. साचले होते १ लाख ७० हजार. उरलेले ३४ हजार हे जॉबवर्कच्या ५४ हजारांतून सूत्राने विक्रीवरच्या कराच्या वाट्याला लावलेले २० हजार वजा जाता उरलेले क्रेडिट आहे. ते या महिन्यात परत मिळत नाही. पुढच्या महिन्यातही मिळणार नाही, कारण पुढच्या महिन्यात आणखी ३४ हजार त्यात मिसळतील. वर्षाकाठी ही रक्कम ४ लाख ८ हजार होते.

हाच कारखाना, हीच खरेदी आणि हीच विक्री जुन्या दरांनी मोजून पाहिली तर फरक लक्षात येतो. विक्रीवर १२ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, मालावरचे क्रेडिट तेच २ लाख १६ हजार, जॉबवर्कवर १२ टक्के म्हणजे ३६ हजार. एकूण क्रेडिट २ लाख ५२ हजार, साचणारी रक्कम १२ हजार आणि सूत्राने मिळणारा परतावा सुमारे १० हजार ३००. अडकत होते महिन्याला जेमतेम १ हजार ७०० रुपये. तेवढे कोणीही सोसत होता आणि म्हणूनच या त्रुटीबद्दल आमच्यासारख्यांनी पूर्वी कधी आवाज केला नाही. नियमातला दोष जुनाच आहे, दर बदलल्यामुळे त्याची किंमत मात्र वीस पटींनी वाढली.

२०२२ पूर्वीचे सूत्र याहून वाईट होते हे मान्य करणे न्यायाचे होईल. तेव्हा विक्रीवरचा संपूर्ण कर मालाच्या क्रेडिटमधून वजा केला जात असे, जणू सेवांचे क्रेडिट कर भरायला वापरलेच जात नाही. वरच्याच उदाहरणात त्या सूत्राने १ लाख १६ हजारच मिळाले असते. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये व्हीकेसी फूटस्टेप्सच्या प्रकरणात सेवांचे क्रेडिट वगळणे कायद्याशी विसंगत ठरवले होते, मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी उलट मत दिले आणि १३ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. परतावा किती आणि कशावर द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र सूत्रातल्या विसंगतीचा परिषदेने फेरविचार करावा, असेही त्याच निकालात सुचवले. परिषदेने तो फेरविचार केला आणि सूत्र सुधारले. याबद्दल आम्ही आभारीच आहोत. परंतु ती सुधारणा वजाबाकीच्या बाजूची होती. "निव्वळ आयटीसी"त काय धरायचे, हा मूळ प्रश्न तिने हाताळला नाही आणि न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे तो कायदा बदलल्याशिवाय सुटणारही नाही. म्हणूनच मी न्यायालयाची वाट न धरता परिषदेला लिहीत आहे.

या नियमाचा मार लहान कारखान्यालाच का जास्त बसतो, ते सांगणे मला सर्वांत आवश्यक वाटते. मोठ्या कारखान्यात लेझर मशीन असते, बेंडिंग प्रेस असते, पाणी देण्याची भट्टी असते, पावडर कोटिंगची खोली असते. तीच कामे तिथे पगारावर आणि विजेवर होतात आणि पगारावर किंवा विजेवर जीएसटी नसतो. वरच्या उदाहरणात जॉबवर्कच्या ३ लाखांऐवजी तेवढाच खर्च पगार आणि वीज यांवर झाला असता, तर क्रेडिट २ लाख १६ हजार, कर १ लाख आणि परतावा पूर्ण १ लाख १६ हजार, म्हणजे मागे काहीच उरत नाही. शिवाय मोठ्या कारखान्याकडे बहुधा १८ टक्के दराची इतरही उत्पादने असतात आणि साचलेले क्रेडिट त्यांच्या करात सहज वापरले जाते. माझ्याकडे फक्त अवजारे आहेत आणि चार खोल्यांचा शेड. एवढ्या शेडमध्ये मी जोडणी, वेल्डिंग आणि तपासणी करतो, बाकी सगळे आसपासच्या जॉबवर्करांकडून करून घेतो. सांवेर रोडवरची आणि पोलोग्राउंडवरची पुष्कळ लहान युनिटे याच पद्धतीने चालतात. एकाने कापायचे, दुसऱ्याने वाकवायचे, तिसऱ्याने पाणी द्यायचे, चौथ्याने रंगवायचे. भांडवल कमी असलेल्यांनी एकमेकांच्या यंत्रांवर उभी केलेली ही रचना आहे आणि आजचा परताव्याचा नियम नेमका तिच्यावरच कर ठेवून जातो.

एक फाळ उदाहरणादाखल घ्या. त्यात ३०० रुपयांचे पोलाद लागते आणि कापणे, घडवणे, पाणी देणे या कामांचे १०० रुपये होतात, असे समजू. पोलाद मी घेऊन जॉबवर्करला पाठवले तर पोलादावरचे ५४ रुपये परताव्याच्या हिशेबात येतात आणि मजुरीवरचे १८ रुपये येत नाहीत. याऐवजी त्याच माणसाला मी म्हटले की पोलाद तूच विकत घे आणि मला तयार फाळ ४०० रुपयांना वीक, तर त्याचे बिल वस्तूचे होते, त्यावर अवजारांच्या भागांच्या ५ टक्के दराने २० रुपये लागतात आणि ते पूर्णपणे इनपुट ठरतात. फाळ तोच, पोलाद तेच, भट्टी तीच, माणूसही तोच. बदलले फक्त बिलाचे स्वरूप. आमच्या सीएंनी मला हाच मार्ग सुचवला आणि तो कायदेशीरही आहे. पण माझ्यासाठी फाळांना पाणी देणारा गृहस्थ दोन भट्ट्या आणि तीन माणसे यांवर काम करतो. दरमहा काही लाखांचे पोलाद रोखीने उचलण्याची ताकद त्याच्याकडे नाही, बँक त्याला तेवढे देणार नाही आणि पोलादाचा भाव उतरला तर तोटा सोसण्याची त्याची ऐपत नाही. हा मार्ग सगळ्यांनी धरला तर काम मोठ्या पुरवठादारांकडे जाईल आणि तो माणूस बाहेर फेकला जाईल. कराच्या नियमाने असा निवाडा करावा, हे परिषदेलाही अभिप्रेत नसावे.

मालवाहतुकीतही हीच गोष्ट दिसते, पण तिथली रक्कम लहान असल्याने मी ती फक्त नोंदवतो. पोलादाच्या व्यापाऱ्याने भाडे स्वतःच्या बिलात धरून माल पोहोचता दिला तर त्या भाड्यावरचा कर मालाबरोबर जातो. तेच भाडे मी ट्रान्सपोर्टरला वेगळे दिले तर ते सेवेत पडते. हे बिल कसे मागायचे ते आपल्या हातात असते, तेव्हा वाचणाऱ्या लघुउद्योजकांनी एवढे तरी आजपासून पाहावे. तसेच परताव्याच्या RFD-01 अर्जासोबतच्या बिलांच्या यादीत प्रत्येक बिल इनपुट, इनपुट सेवा की भांडवली माल हे नीट लिहावे. वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, गॅस, पॅकिंगचे सामान, स्टोअर्स आणि स्पेअर्स हे सगळे इनपुट आहेत आणि तसे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या परिपत्रकातच म्हटले आहे. घाईत यातले काही भांडवली मालात गेले तर हक्काचा परतावा आपल्याच हाताने कमी होतो. अर्जाची मुदत त्या कालावधीच्या विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून दोन वर्षे आहे, म्हणून घाई करण्याचे कारणही सहसा नसते.

आता परिषदेच्या बाजूने येऊ शकणाऱ्या उत्तरांकडे वळतो.

पहिले उत्तर असे असेल की ऑक्टोबर २०२५ पासून उलट दररचनेच्या परताव्यातही ९० टक्के रक्कम तात्पुरती म्हणून लवकर देण्याची सोय केली आहे. ही सोय चांगली आहे. निर्यातदारांना जे आधीपासून मिळत होते ते आम्हाला मिळू लागले आणि खेळत्या भांडवलाची ओढाताण तिने खरोखर कमी होईल. पण ९० टक्के कशाचे? सूत्राने निघालेल्या १ लाख ३६ हजारांचे, म्हणजे १ लाख २२ हजार ४००. सूत्राच्या बाहेर राहिलेले ३४ हजार या सोयीच्याही बाहेरच राहतात.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे आणि ते मला पटतेही. सेवांच्या क्रेडिटवर परतावा खुला केला तर खोट्या बिलांना वाट मिळेल. सल्लामसलत, जाहिरात, व्यवस्थापन शुल्क अशा बिलांमागे प्रत्यक्षात काही घडले की नाही, हे अधिकाऱ्याने कसे तपासायचे? ही भीती रास्त आहे. म्हणूनच मी सर्व सेवांसाठी परतावा मागत नाही. मी फक्त जॉबवर्कबद्दल बोलतो आहे आणि जॉबवर्क ही अशी एक सेवा आहे जिच्यासोबत माल हलतो. माझे पोलाद डिलिव्हरी चलनावर बाहेर जाते, मूल्य मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल निघते, कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे ते एक वर्षाच्या आत परत यावे लागते आणि काय पाठवले व काय परत आले याचे ITC-04 हे विवरण मला भरावे लागते. पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांनी ते सहा महिन्यांनी आणि बाकीच्यांनी वर्षातून एकदा भरायचे असते. जॉबवर्करचे बिल माझ्या GSTR-2B या खरेदीच्या क्रेडिटच्या विवरणात दिसते. म्हणजे एकाच व्यवहाराच्या चार खुणा विभागाकडे आधीपासून असतात. पोलादाच्या खरेदीच्या बिलामागे जेवढे पुरावे असतात त्यांपेक्षा हे कमी नाहीत, उलट जास्तच आहेत. परिषदेला वाटल्यास परताव्यासाठी त्या कालावधीचे ITC-04 आधी भरण्याची अट घालावी. आम्ही ती आनंदाने पाळू.

तिसरे उत्तर असे येऊ शकते की अडकलेले क्रेडिट किमतीत धरा. काही जण ते धरतातही. २० लाखांच्या विक्रीवर ३४ हजार म्हणजे १.७ टक्के. एवढी वाढ किमतीत धरली की तिच्यावर पुन्हा ५ टक्के कर लागतो आणि हे सगळे शेतकऱ्याच्या बिलात जाते. परिषदेने शेतकऱ्याला दिलेल्या सवलतीचा काही भाग असा वाटेतच गळतो. शिवाय मी किंमत वाढवली आणि सगळी कामे घरात करणाऱ्या मोठ्या कारखान्याला ती वाढवावी लागली नाही, तर विक्रेता माझा माल का ठेवेल? सोयाबीनच्या पेरणीआधीच्या दोन महिन्यांत विक्रेत्याशी जी घासाघीस होते, तिच्यात पावणेदोन टक्के ही लहान रक्कम नसते.

जॉबवर्करने नोंदणी न केलेली असेल तर कर लागत नाही आणि हा प्रश्नच उरत नाही, असेही कोणी म्हणेल. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. पण त्याने घेतलेल्या गॅसवर, रॉडवर, पावडरवर लागलेला १८ टक्के कर त्याच्या मजुरीच्या दरात लपलेला असतो आणि तो तर कोणालाच मिळत नाही. नोंदणी टाळणाऱ्याकडे काम जावे आणि नोंदणी करणाऱ्याकडून काढले जावे, अशी ओढ करप्रणालीत असू नये.

माझ्या मागण्या दोन आहेत आणि पहिली लवकर होण्यासारखी आहे.

२२ सप्टेंबर २०२५ च्या बदलांत परिषदेने औषधांच्या जॉबवर्कवरचा आणि चामड्याच्या जॉबवर्कवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. औषधांवरचा करही त्याच वेळी ५ टक्के झाला. जिथे तयार मालाचा दर खाली आणला तिथे त्याच्या जॉबवर्कचाही दर खाली आणायचा, हे तत्त्व परिषदेने तिथे स्वतःच पाळले आहे. शेती यंत्रांच्या बाबतीत मात्र तयार मालाचा दर ५ टक्के झाला आणि त्याच्या जॉबवर्कचा दर उरलेल्या वर्गाबरोबर १८ टक्क्यांवर गेला. करदरांच्या यादीतल्या शीर्ष ८४३२ आणि ८४३३ मधल्या मशागतीच्या व कापणी-मळणीच्या यंत्रांच्या आणि त्यांच्या भागांच्या जॉबवर्कसाठी ५ टक्क्यांची वेगळी नोंद करावी. यासाठी कायद्यात बदल लागत नाही, दरांची अधिसूचना पुरे. वरच्या उदाहरणात जॉबवर्कवरचा कर ५४ हजारांवरून १५ हजारांवर येईल, एकूण क्रेडिट २ लाख ३१ हजार होईल आणि सूत्राने परतावा सुमारे १ लाख २२ हजार ५०० निघेल. अडकणारी रक्कम ३४ हजारांवरून सुमारे ८ हजार ५०० वर येईल. जॉबवर्करच्या स्वतःच्या खरेदीवर १८ टक्के आणि त्याच्या सेवेवर ५ टक्के अशी उलटी स्थिती त्याच्याकडे निर्माण होईल, हे मी विसरलेलो नाही. पण त्याच्या खर्चात मालाचा वाटा कमी आणि मजुरीचा जास्त असतो, त्यामुळे पुष्कळांचे क्रेडिट ५ टक्क्यांच्या करातच संपेल. ज्यांचे संपणार नाही त्यांचे बहुतेक क्रेडिट गॅस, पावडर आणि झिंक यांसारख्या वस्तूंचे असेल आणि नियम ८९(५) सेवा देणाऱ्यालाही वस्तूंवरच्या क्रेडिटचा परतावा देतो. एक अडचण मात्र खरी आहे. लेझर कटिंग करणाऱ्याने कापलेली पट्टी अवजारात जाणार की फाटकात, हे त्याला कसे कळावे? त्यासाठी चलनावर माल पाठवणाऱ्याने तयार मालाचे शीर्ष लिहून द्यावे आणि ते चुकीचे निघाल्यास फरकाची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची राहावी.

दुसरी मागणी कायद्याची आहे. कलम ५४(३) च्या परंतुकात इनपुटबरोबर "जॉबवर्कच्या स्वरूपातील इनपुट सेवा" असे शब्द घालण्याची शिफारस परिषदेने करावी आणि नियम ८९(५) मधल्या "निव्वळ आयटीसी"च्या व्याख्येत त्याप्रमाणे बदल करावा. जॉबवर्क म्हणजे काय याची व्याख्या कायद्याच्या कलम २(६८) मध्ये आधीपासून आहे, नवी करावी लागणार नाही. हा बदल झाला की वरच्या उदाहरणात "निव्वळ आयटीसी" २ लाख ७० हजार होईल, परतावा १ लाख ७० हजार होईल आणि अडकलेली रक्कम शून्यावर येईल. फाळाचे बिल वस्तूचे की सेवेचे, हा प्रश्न परताव्यापुरता कायमचा मिटेल. पुढे कोणत्याही तयार मालाचा दर खाली आणताना त्याच्या जॉबवर्कची वेगळी नोंद शोधत बसण्याची परिषदेलाही गरज राहणार नाही. सायकली, भांडी, ५ टक्क्यांत आलेल्या आणखी कितीतरी वस्तू बनवणारे लहान कारखाने आज याच जागी उभे आहेत.

भांडवली मालाच्या क्रेडिटचा प्रश्न मी मुद्दाम या दोन मागण्यांत मिसळलेला नाही. लेझर मशीन मी उद्या २५ लाखांना घेतले तर त्यावरचे साडेचार लाखांचे क्रेडिट सूत्रात कुठेच येत नाही आणि माझी सगळी विक्री ५ टक्क्यांची असेपर्यंत ते वापरलेही जाणार नाही. ही गोष्ट लहान आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या परताव्याचा तिजोरीवर एकदम भार पडेल, हे मला समजते. नियम ४३ मध्ये भांडवली मालाचे आयुष्य पाच वर्षे धरून दर महिन्याला साठावा हिस्सा मोजण्याची पद्धत आहे. पुढे कधी या प्रश्नाचा विचार झाला तर तीच पद्धत परताव्यासाठी वापरता येईल, एवढेच येथे सुचवून ठेवतो. जॉबवर्कचे क्रेडिट मात्र दर महिन्याला साचते आणि जी यंत्रे विकत घेण्याची आमची ऐपत नाही, त्यांचेच ते भाडे आहे.

परिषदेकडे यासंबंधीची माहिती आधीच जमा आहे. प्रत्येक परतावा अर्जासोबत बिलांची जी यादी जोडलेली असते, तिच्यात इनपुट आणि इनपुट सेवा वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात आणि सेवांचे कोडही असतात. शीर्ष ८४३२ आणि ८४३३ च्या उत्पादकांनी २२ सप्टेंबर २०२५ नंतरच्या कालावधींसाठी केलेल्या अर्जांतून जॉबवर्कचे किती क्रेडिट सूत्राबाहेर राहिले, हे विभागाच्या यंत्रणेला काढता येईल. ती रक्कम काढून दरनिश्चिती समितीसमोर ठेवावी, दराची नोंद पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी आणि कायद्यातला बदल येत्या वित्त विधेयकासाठी सुचवावा, अशी माझी परिषदेला नम्र विनंती आहे. चलने, जॉबवर्करांची बिले आणि ITC-04 यांसह माझ्या कारखान्याचा पूर्ण हिशेब परिषदेच्या कोणत्याही अधिकाऱ्याने मागितल्यास मी तो सादर करीन.

आपला नम्र,
शेती अवजारांचा एक लघुउत्पादक
सांवेर रोड औद्योगिक क्षेत्र, इंदूर